ओढ्याची रेघ कुठून सुरू करायची?

पुण्याच्या दक्षिणेला कात्रजचा डोंगर आहे. त्याच्या शहराकडच्या उतारावरचे ओघळ एकमेकांना मिळत जातात आणि त्यांचा आंबिल ओढा होतो. कात्रजच्या तलावांतून उतरून धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर असा भरवस्तीतून तो वाहतो आणि दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हा ओढा काठ सोडून वस्त्यांमध्ये घुसला. भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसे दगावली. अशा पुरानंतर दोन प्रश्न विचारावेच लागतात. या ओढ्याला कुठकुठले ओघळ मिळतात? आणि त्यातला प्रत्येक ओघळ डोंगरावर नेमका कुठून सुरू होतो?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर देणारा नकाशा आज कोणीही आपल्या संगणकावर काढू शकतो. जमिनीच्या उंचीची माहिती फुकट मिळते आणि क्यूजीआयएस, ग्राससारखी सॉफ्टवेअरही फुकट मिळतात. अर्ध्या तासात पडद्यावर निळ्या रेघांचे जाळे उमटते. ते दिसते इतके नेटके की ते खरेच असणार असे वाटू लागते. पण ते जाळे काढताना संगणकाने आपल्याकडून एक आकडा मागून घेतलेला असतो. त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. बहुतेक जण सॉफ्टवेअरने आधीच भरून ठेवलेला आकडा तसाच राहू देतात, आणि ओढे कुठून सुरू होतात हे त्या एका आकड्याने ठरून जाते. हा आकडा काय सांगतो, तो कसा निवडायचा आणि आलेले जाळे जमिनीवरच्या ओढ्यांशी कसे ताडून पाहायचे, हे समजून घेऊ.

उंचीपासून ओढ्यापर्यंत

सुरुवात उंचीच्या नकाशापासून होते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. त्या मोहिमेचे नाव एसआरटीएम. आपल्या ‘कार्टोसॅट-१’ या उपग्रहाने घेतलेल्या जोडचित्रांवरून ‘इस्रो’नेही भारताचा असाच नकाशा तयार केला आहे. या नकाशांत जमीन साधारण ३० मीटर बाजूच्या चौकोनांत वाटलेली असते आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची दिलेली असते.

मोजमापात काही मीटरची चूक राहतेच. त्यामुळे नकाशात ठिकठिकाणी खोटे खड्डे तयार होतात. चारी बाजूंनी उंच चौकोनांनी वेढलेल्या चौकोनात शिरलेले पाणी बाहेरच पडू शकत नाही आणि ओढा तिथेच संपतो. म्हणून पहिले काम असते ते हे खड्डे भरण्याचे. पाणी बाहेर सांडेल त्या पातळीपर्यंत खड्ड्याची उंची वाढवली जाते.

मग प्रत्येक चौकोनातले पाणी कुठे जाईल ते ठरवायचे. सर्वांत रुळलेली रीत ओ’कॅलघन आणि मार्क यांनी १९८४ मध्ये मांडली. चौकोनाला आठ शेजारी असतात. ज्याच्याकडचा उतार सर्वांत तीव्र, त्याला सगळे पाणी द्यायचे. तिरक्या शेजाऱ्याचे अंतर थोडे जास्त असते, म्हणून त्याच्याकडचा उतार काढताना उंचीतला फरक १.४१ ने भागायचा. या रीतीला डी-८ म्हणतात.

एका लहानशा दरीवर हे करून पाहू. खालच्या आकड्यांत प्रत्येक चौकोनाची उंची मीटरमध्ये दिली आहे. वरची ओळ डोंगरमाथ्याची आणि खालची पायथ्याची.

```
९४  ९०  ८५  ९१  ९६
९२  ८४  ७८  ८६  ९३
८८  ८०  ७०  ७९  ८७
८२  ७५  ६४  ७२  ८३
८०  ७१  ५८  ६९  ८१
```

डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातला ९४ चा चौकोन घ्या. उजवीकडे ९० आहे, म्हणजे ४ मीटरचा उतार. खाली ९२ आहे, म्हणजे २ चा. तिरका शेजारी ८४ वर आहे. फरक १० मीटर, त्याला १.४१ ने भागले की ७ पेक्षा थोडे जास्त. म्हणून पाणी तिरके ८४ कडे जाते. असे पंचवीसही चौकोनांचे ठरवायचे. मग प्रत्येक चौकोनात, त्याला स्वतःला धरून, एकूण किती चौकोनांचे पाणी पोचते ते मोजायचे. या मोजणीलाच फ्लो अ‍ॅक्युम्युलेशन, म्हणजे प्रवाह-संचय, म्हणतात. आपल्या दरीत तो असा येतो:

```
१   १   १   १   १
१   २   ४   २   १
१   २   ९   २   १
१   २  १४   ३   १
१   ३  २५   २   १
```

खालचा २५ हा दरीचे तोंड आहे. पंचविसांचे पाणी तिथे पोचते, म्हणजे हिशेब जुळला. मधल्या उभ्या ओळीत १, ४, ९, १४, २५ असा आकडा वाढत जातो. दरी तिथून वाहते हे कोणालाही दिसेल. पण या तक्त्यात ‘ओढा’ असे कुठेच लिहिलेले नाही. किती चौकोनांचे पाणी जमले की त्याला ओढा म्हणायचे, हे आपण सांगायचे असते. तोच थ्रेशोल्ड.

थ्रेशोल्ड १० ठेवला तर ओढा चौथ्या ओळीत सुरू होतो. ४ ठेवला तर तो दुसऱ्या ओळीपर्यंत वर सरकतो. २ ठेवला तर मात्र दोन्ही बाजूंना एकेका चौकोनाचे आठ फाटे फुटतात आणि मासळीच्या काट्यासारखी आकृती दिसू लागते. असे दाट, आखूड, सारख्या अंतरावरचे फाटे नकाशावर दिसले की थ्रेशोल्ड फार खाली गेला असे समजावे. तिथे पाणी उतारावरून पसरून वाहत असते. त्याने जमीन कापून पात्र केलेले नसते.

या तीन प्रयोगांत मधली रेघ आपल्या जागेवरून तसूभरही हललेली नाही. बदलले ते फक्त रेघा कुठून सुरू होतात ते. पाण्याच्या दिशा आधीच ठरलेल्या असल्याने मोठ्या थ्रेशोल्डचे जाळे हे लहान थ्रेशोल्डच्या जाळ्याचाच भाग असते. म्हणजे थ्रेशोल्ड ओढ्याची लांबी ठरवतो आणि ओढ्याची जागा ठरवतो ती उंची. पुढची सगळी तपासणी या एका फरकावर उभी आहे. ओढ्याची रेघ खऱ्या ओढ्यापासून शंभर मीटर बाजूला पडली असेल, तर थ्रेशोल्ड कितीही फिरवला तरी ती जागेवर येणार नाही.

आकडा आधी हेक्टरमध्ये

थ्रेशोल्ड चौकोनांच्या संख्येत विचारला जातो. त्यामुळे त्याच्यामागे जमीन आहे हेच विसरायला होते. ३० मीटरच्या चौकोनाचे क्षेत्र ९०० चौरस मीटर. म्हणजे १०० चा थ्रेशोल्ड हा ९ हेक्टरचा झाला. तोच १०० चा आकडा ९० मीटरच्या जुन्या नकाशावर वापरला तर तो ८१ हेक्टरचा होतो. एका ठिकाणी चाललेला आकडा दुसऱ्या नकाशावर तसाच उचलून ठेवला की जाळे विरळ होते किंवा दाट होते, आणि कारण कळत नाही. म्हणून विचार हेक्टरमध्ये करायचा आणि चौकोन सगळ्यांत शेवटी मोजायचे. त्याआधी नकाशा अंशांतून मीटरमध्ये आणायचा. पुण्यासाठी यूटीएमचा ४३ वा उत्तर विभाग लागतो.

दुसरी रुळलेली सवय एक टक्क्याची. नकाशातला सर्वांत मोठा प्रवाह-संचय घ्यायचा आणि त्याचा शंभरावा भाग थ्रेशोल्ड म्हणून वापरायचा. हे सोपे आहे, पण त्यात एक मोठा दोष आहे. समजा तुम्ही २० चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र घेतले. एक टक्का म्हणजे २० हेक्टर. उद्या त्याच डोंगराचा नकाशा २,००० चौरस किलोमीटरच्या खोऱ्याचा भाग म्हणून काढला, तर एक टक्का म्हणजे २,००० हेक्टर. डोंगर तोच, ओघळ तेच, पाऊस तोच. तरी पहिल्या नकाशात असलेले ओघळ दुसऱ्यात गायब होतात. आपण कात्री कुठे चालवली यावर ओढ्याचा उगम ठरू लागला, तर त्या रेघेला जमिनीचा आधार राहत नाही.

मग आधार कशाचा घ्यायचा? डोंगरउतारावर पडलेले पाणी आधी पातळ थराने वाहते आणि मातीत मुरते. पुरेशा क्षेत्राचे पाणी एका जागी आले आणि उतारही पुरेसा असला की त्याला माती कापण्याइतके बळ येते. तिथून पात्र सुरू होते. अमेरिकेतले भूरूपतज्ज्ञ माँटगोमेरी आणि डिट्रिच यांनी कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या डोंगरांत चालत जाऊन असे उगम मोजले आणि १९८८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उतार जितका तीव्र, तितक्या कमी क्षेत्राच्या पाण्यावर ओघळ सुरू होतो, असे त्यांना दिसले. म्हणजे सगळ्या डोंगराला एकच थ्रेशोल्ड लावणे ही मुळातच एक तडजोड आहे. सह्याद्रीत ती विशेष जाणवते. बेसॉल्टच्या थरांमुळे इथला उतार पायऱ्यापायऱ्यांचा असतो. कड्याखाली थोड्याशा पाण्यावरही घळ पडते आणि वरच्या सपाट टप्प्यावर कितीतरी मोठ्या क्षेत्राचे पाणी पात्राविना पसरून वाहते.

जमिनीवर जाता येत नसेल तेव्हा उंचीच्या नकाशातूनच अंदाज घेण्याची एक रीत आहे. टार्बोटन, ब्रास आणि रॉड्रिग्ज-इटुर्बे यांनी ती १९९१ मध्ये मांडली. ओढ्यांना प्रत देतात. ज्याला कोणताच ओघळ मिळत नाही तो पहिल्या प्रतीचा. पहिल्या प्रतीचे दोन एकत्र आले की दुसऱ्या प्रतीचा, आणि असेच पुढे. खऱ्या ओढ्यांच्या जाळ्यात प्रत्येक प्रतीचा तुकडा सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरासरी जवळपास सारखाच उतरतो. थ्रेशोल्ड फार लहान घेतला की पहिल्या प्रतीत उतारावरचे खोटे फाटे भरतात आणि त्यांची सरासरी इतरांपासून फटकून जाते. म्हणून एकेक थ्रेशोल्ड घेऊन पाहायचा आणि ज्या सर्वांत लहान आकड्यावर हा फटकून असणे संपते, तो निवडायचा. टार्बोटन यांच्याच ‘टॉडेम’ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ही चाचणी आयती मिळते. तिची मर्यादा इतकीच, की तुलनेला पुरेसे ओढे लागतात. आंबिल ओढ्यासारख्या लहान क्षेत्रात वरच्या प्रतीचे तुकडे मोजकेच असतात, आणि मोजक्या तुकड्यांच्या सरासरीवर फार विसंबता येत नाही.

उगम मोजून आकडा काढणे

सर्वांत भरवशाचा आकडा जमीनच देते. पावसाळा संपता संपता, गवत वाळण्याआधी, डोंगरावर ओघळाच्या कडेने वर चढत जायचे. खाली पात्र स्पष्ट असते. दोन्ही बाजूंना कापलेले काठ, तळाशी धुतलेले गोटे, मधे गवत नाही. वर जाताना काठ ठेंगणे होत जातात आणि एका जागी तळ गवताने झाकला जातो. काठ आणि उघडा तळ जिथे पहिल्यांदा एकत्र दिसतात ती जागा म्हणजे उगम. मोबाइलवर तिथले स्थान नोंदवायचे आणि फोटो घ्यायचा. गावातल्या गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारून ही पायपीट खूप कमी करता येते. पावसात कुठल्या ओघळाला पाणी येते आणि कुठला नुसता ओला होतो, हे त्यांना पक्के माहीत असते. मात्र शेताच्या तालींनी, रस्त्याच्या मोरीने किंवा घाटरस्त्याच्या गटाराने सुरू झालेला ओघळ या यादीत घ्यायचा नाही. तो डोंगराने केलेला नसतो.

आता प्रत्येक उगमाशी प्रवाह-संचय किती आहे ते नकाशावर वाचायचे. नेमकी इथे मोठी चूक होते. मोबाइलचे स्थान पाच-दहा मीटर इकडेतिकडे असते, नकाशाचेही थोडे सरकलेले असते. आपल्या लहान दरीतच पाहा. मधल्या ९ च्या शेजारी २ आहे. बिंदू एका चौकोनाने सरकला तर ९ ऐवजी २ वाचला जाईल. म्हणून बिंदूच्या भोवतालच्या एक-दोन चौकोनांत ज्या रेघेवर तो असायला हवा, तिच्यावर तो आधी आणून ठेवायचा आणि मगच आकडा वाचायचा. वाचलेले आकडे एक-दोन-तीन असे हास्यास्पद लहान आले, तर बिंदू रेघेवर बसलेच नाहीत हे ओळखावे.

समजा अकरा उगमांचे क्षेत्र हेक्टरमध्ये असे आले: २, ३, ३, ४, ५, ५, ६, ७, ९, १२, २०. त्यांची सरासरी जवळपास ७ येते, पण ती एकट्या २० ने वर ओढलेली आहे. तो उगम एखाद्या सपाट टप्प्यावरचा असू शकेल. चढत्या क्रमात मधला, म्हणजे सहावा आकडा ५ आहे. थ्रेशोल्ड ५ हेक्टर घ्यायचा. ३० मीटरच्या चौकोनांत तो ५६ होतो. पण २ ते २० हा पसाराही तितकाच महत्त्वाचा आहे. ५ हेक्टर ठेवल्यावर काही ओघळ जमिनीवर असून नकाशात येणार नाहीत आणि काही ठिकाणी नकाशातली रेघ खऱ्या उगमाच्या वर जाईल, हे तो आधीच सांगून ठेवतो. कड्याखालचे आकडे एकीकडे आणि टप्प्यावरचे दुसरीकडे असे सरळ दोन गट पडत असतील, तर दोन्ही भागांना वेगळे थ्रेशोल्ड लावणेच योग्य.

जेवढे उगम मोजले त्यातले निम्मे बाजूला ठेवावेत. ज्या उगमांवरून आकडा काढला, त्यांच्याशीच जाळे ताडून पाहिले तर ते जुळणारच. त्या जुळण्याला तपासणी म्हणता येत नाही.

ताडून पाहणे

बाजूला ठेवलेले उगम एका बाजूने. दुसऱ्या बाजूने भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा. त्यावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. म्हणून रेघ रेघेवर तंतोतंत बसेल ही अपेक्षा ठेवायची नाही. दोन चौकोनांची, म्हणजे ६० मीटरची सवलत द्यायची आणि दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. नकाशातल्या माहीत असलेल्या ओढ्यांपैकी किती लांबी आपल्या जाळ्याने पकडली? आणि आपल्या जाळ्यापैकी किती लांबीला माहीत असलेल्या ओढ्याचा आधार आहे?

समजा माहीत असलेले ओढे २० किलोमीटर आहेत आणि त्यातले १७ पकडले गेले. म्हणजे ८५ टक्के. आपले जाळे २५ किलोमीटरचे आहे आणि त्यातल्या साडेसतरा किलोमीटरला आधार आहे. म्हणजे ७० टक्के. यातला एकच आकडा सांगणे फसवे ठरते, कारण थ्रेशोल्ड खाली आणला की पहिली टक्केवारी हमखास वाढते आणि दुसरी बहुतेक वेळा पडते. दोन्ही एकत्र लिहिल्या तरच जाळ्याची खरी पारख होते.

यानंतरचे काम टक्केवारी करून देत नाही. सुटलेले तीन किलोमीटर आणि जादा आलेले साडेसात किलोमीटर कुठे आहेत ते एकेक करून पाहावे लागते. सुटलेले तुकडे ओघळांच्या वरच्या टोकांना असतील तर थ्रेशोल्ड मोठा झाला. जादा तुकडे टोकांना असतील तर तो लहान झाला, किंवा १:५०,००० च्या नकाशात ते लहान ओघळ मुळातच काढलेले नाहीत. दोन्हींतले कोणते हे डोंगरावर जाऊनच ठरते. त्या टोकांपैकी काही ठिकाणी जावे आणि पात्र आहे का ते पाहावे. सर्वेक्षण विभागाचा नकाशाही कोणीतरी, कोणत्यातरी वर्षी, प्रमाणात बसेल तेवढेच काढून तयार केलेला असतो. तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

चूक टोकांऐवजी मधेच असेल तर प्रश्न उंचीचा आहे. कात्रजपासून खाली उतरताना अशा जागा ओळीने भेटतात. पहिल्या जागा म्हणजे कात्रजचे तलाव. पाण्याची पातळी सपाट असते आणि सपाटीवर उतारच नसल्याने संगणक तलावातून सरळ रेघा ओढतो. कधी त्या समांतर धावतात, कधी एकमेकींना काटकोनात मिळतात. अशा रुळांसारख्या रेघा दिसल्या की खाली तलाव, धरण किंवा भरलेला खड्डा आहे हे ओळखावे. तिथे रेघेला अर्थ नसतो. पाणी तलावात कुठे शिरते आणि सांडव्यातून कुठे बाहेर पडते, एवढेच जुळवून पाहायचे.

त्याखाली शहर लागते. रडारने आणि उपग्रहाने जे वरून दिसले ते मोजले, म्हणजे इमारतींची छपरेही मोजली. ओढ्याचे पात्र आणि त्याच्या काठाला टेकलेली घरे एकाच ३० मीटरच्या चौकोनात येतात आणि त्या चौकोनाची उंची पात्राच्या तळापेक्षा कितीतरी वर जाते. मग संगणकाला ओढ्यापेक्षा शेजारचा रुंद रस्ता किंवा मोकळे मैदान सखल वाटते आणि रेघ तिकडे वळते. पुलाशीही असेच होते. पाणी पुलाखालून जाते, पण वरून मोजणाऱ्याला पुलाचा माथा दिसतो. नकाशात पूल हा बांध ठरतो, त्याच्यामागे खोटा खड्डा होतो, तो भरला जातो आणि पाणी भलत्याच बाजूने सांडते. खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवाही पर्वतीच्या पायथ्याच्या परिसरातून जातो. कालव्याच्या उंच काठांमुळेही अशीच फसगत होते.

अशा वेळी ओढ्याची माहीत असलेली रेघ उंचीच्या नकाशात काही मीटर खोल कोरायची आणि मग पुन्हा दिशा काढायच्या, हा उपाय वापरतात. पुलांच्या जागी फक्त तेवढेच चौकोन कापून वाट मोकळी करणे हा त्याहून हलका हात. दोन्हींत एक पथ्य आहे. जी रेघ आपण कोरली तिच्याशीच पुढे जाळे ताडून पाहायचे नाही. कोरलेल्या ओढ्याबद्दल ‘९५ टक्के जुळले’ असे लिहिणे म्हणजे आपलेच उत्तर आपल्यालाच परत देणे आहे. मुख्य ओढा कोरला असेल तर तपासणी त्याला मिळणाऱ्या न कोरलेल्या ओघळांवर करायची.

आंबिल ओढ्यात आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या खालच्या भागातला प्रवाह पेशवाईत वळवला गेला. म्हणजे आजचे पात्र काही ठिकाणी माणसाने ठरवलेले आहे आणि जमिनीचा मूळ उतार वेगळे सांगत असू शकतो. अशा जागी जाळ्यातली रेघ आजच्या पात्रापासून दूर गेली तर ती लगेच पुसून टाकू नये. ती इमारतींमुळे भरकटली आहे की जुन्या सखल भागाकडे चालली आहे, हे जुन्या नकाशांवरून आणि प्रत्यक्ष जमिनीचा उतार मोजून पाहावे. दुसरी शक्यता खरी निघाली तर पुराचे पाणी काठ सोडल्यावर कुठे जाऊ पाहील, याची ती खूण ठरू शकते.

प्रत बदलली की बांध बदलतो

हे सगळे करायचे ते नकाशा सुंदर व्हावा म्हणून नव्हे. महाराष्ट्रात पाणलोटाची कामे माथ्याकडून पायथ्याकडे आखतात. वरच्या ओघळांवर अनगड दगडी बांध, त्याखाली गॅबियन, आणखी खाली मातीचे आणि सिमेंटचे नालाबांध. कुठल्या ओघळावर काय बांधायचे हे ठरवताना ओढ्याची प्रत पाहिली जाते. आणि प्रत थ्रेशोल्डवर अवलंबून असते.

आपल्या पंचवीस चौकोनांच्या दरीकडे एकदा पाहा. थ्रेशोल्ड ४ असताना एकच रेघ होती, म्हणून दरीच्या तोंडाशीही ओढा पहिल्या प्रतीचा होता. थ्रेशोल्ड २ केला तेव्हा तिसऱ्या ओळीत वरून येणाऱ्या रेघेला दोन्ही बाजूंचे फाटे मिळाले आणि तिथून खाली तोच ओढा दुसऱ्या प्रतीचा झाला. पाण्याचा एक थेंबही वाढला नाही. पण नियमाप्रमाणे आखणी करणारा तिथे वेगळा बांध सुचवील. म्हणून ‘हा तिसऱ्या प्रतीचा ओढा आहे’ या वाक्याला थ्रेशोल्ड सांगितल्याशिवाय अर्थ नाही. बांधाची जागा ठरवताना प्रतीसोबत त्या जागेच्या वरचे क्षेत्र हेक्टरमध्ये पाहणे अधिक सुरक्षित. ते थ्रेशोल्डने बदलत नाही.

ही रेघ काय सांगत नाही तेही लक्षात ठेवले पाहिजे. पाणी वाहायचे ठरले तर या वाटेने वाहील, एवढेच ती सांगते. ओढ्याला फेब्रुवारीत पाणी असते का, झरे कुठे आहेत, पाणी किती मुरते, याबद्दल प्रवाह-संचयात काहीच नाही. कातळावर पडलेला पाऊस आणि खोल मातीवर पडलेला पाऊस तो सारखाच मोजतो. नकाशाची चौकट पाणलोटाच्या आतच कापली असेल तर बाहेरून येणारे पाणी त्याला माहीतच नसते आणि कडेचे आकडे कमी येतात. म्हणून उंचीचा नकाशा नेहमी डोंगरमाथ्याच्या पलीकडेपर्यंत घ्यावा.

यापुढे आपल्या गावाचा, तालुक्याचा किंवा शहराचा ओढ्यांचा नकाशा कोणी समोर ठेवला तर त्याला चार गोष्टी विचाराव्यात. उंची कुठल्या नकाशावरून घेतली आणि त्याचा चौकोन केवढा? थ्रेशोल्ड किती हेक्टरचा, आणि तो कसा ठरवला? कुठल्या ओढ्यांची रेघ आधी कोरून घेतली होती? आणि किती उगम प्रत्यक्ष जाऊन पाहिले, त्यातले किती जुळले? ही चार उत्तरे नकाशाच्या कोपऱ्यातच छापलेली असावीत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर त्या नकाशावर बांधाची जागा ठरवू नये आणि पूररेषाही आखू नये. आधी तो नकाशा घेऊन, गावातला एखादा जाणता माणूस सोबत घेऊन, ओघळाच्या कडेने वर चढावे.